एका लॉगिनमागचं घर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाची पुण्यात कर्वेनगरच्या एका पीजीत राहायला आली. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष. सोबत लॅपटॉप, फोन, टॅबलेट, एक छोटा वाय-फाय प्रिंटर आणि जुन्या मॉनिटरला लावायचं क्रोमकास्ट. पीजीच्या काकूंनी तिला चिठ्ठीवर युजरनेम आणि पासवर्ड लिहून दिला. "दोन वस्तू चालतील, बरं का," असंही सांगितलं. रात्री तिचा फोन आला. "मामा, लॅपटॉप लागला, फोन लागला. प्रिंटरला वाय-फायचं नाव दिसतं, जोडलाही जातो, पण पुढे काहीच नाही. क्रोमकास्टचंही तेच."

वाय-फाय बंद नव्हतं आणि प्रिंटरही ठीक होता. पीजीच्या वाय-फायला जोडलं, की एक पान उघडतं आणि त्यावर नाव-पासवर्ड भरावा लागतो. प्रिंटरला ते पान दाखवायला पडदा नाही. क्रोमकास्टला मोठा पडदा आहे, पण असं पान उघडून भरायची सोय त्यात नाही. दोघंही दारापर्यंत पोहोचतात आणि तिथेच उभे राहतात.

हे दार कसं चालतं ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा उपाय त्यावरच उभा आहे. वाय-फायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक मॅक अ‍ॅड्रेस असतो, बारा अंक-अक्षरांचा, दोन-दोनच्या सहा जोड्यांमध्ये लिहिलेला. तुम्ही लॉगिन करता तेव्हा पीजीचं यंत्र बहुतेक ठिकाणी एवढंच करतं: ही बारा अक्षरं किंवा त्या वस्तूला दिलेला आयपी अ‍ॅड्रेस वहीत लिहून घेतं आणि पुढचे काही तास त्याला आत सोडतं. प्रत्येक पानासोबत ते पासवर्ड विचारत बसत नाही. म्हणजे दाराला माणूस कळत नाही, फक्त वस्तू कळते. दोन वस्तूंची मर्यादा म्हणजे एका नावापुढे वहीतल्या दोन ओळी.

ट्रॅव्हल राउटर इथेच उपयोगी पडतो. काड्यापेटीहून जरा मोठी ही डबी फोनच्या चार्जरवर चालते. ती एकीकडे पीजीच्या वाय-फायला एखाद्या फोनसारखी जोडली जाते आणि दुसरीकडे खोलीत स्वतःचं वेगळं वाय-फाय तयार करते. लॅपटॉप, प्रिंटर, क्रोमकास्ट या वेगळ्या वाय-फायला जोडायचे. ते बाहेर काही मागतात तेव्हा राउटर ती मागणी स्वतःच्या नावाने पुढे धाडतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. पूर्वी शहरात शिकणाऱ्या मुलांची पत्रं 'द्वारा अमुक' अशा पत्त्यावर यायची. पोस्टमनला घरमालकाचं नाव पुरे असायचं, आत कोणाला द्यायचं ते घरातले बघायचे. पीजीच्या वहीतही एकच ओळ राहते, राउटरची. लॉगिन एकदा केलं, की त्याच्यामागचं सगळं घर आत येतं.

आणखी एक फायदा आहे, आणि क्रोमकास्टसाठी तो लॉगिनइतकाच महत्त्वाचा. पुष्कळ हॉस्टेलांत एकाच वाय-फायवरच्या वस्तूंना एकमेकींशी बोलू देत नाहीत, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या कोणाला तुमच्या लॅपटॉपमध्ये डोकावता येत नाही. ही सोय योग्यच आहे, पण तिच्यामुळे तुमच्याच फोनला तुमचंच क्रोमकास्ट सापडत नाही आणि लॅपटॉपला प्रिंटर. राउटरच्या आतल्या वाय-फायवर सगळ्या वस्तू एका घरात येतात, मग छपाई आणि कास्टिंग दोन्ही चालतं.

राउटर घेण्याआधी मी भाचीला काकूंशी बोलायला लावलं. मर्यादा दोन वस्तूंची असताना मागे पाच वस्तू लावणं काकूंना न सांगता करणं मला पटत नाही. काकूंचं म्हणणं साधं होतं: लाइन सगळ्यांची आहे, रात्री नऊनंतर कोणी अडकू नये. प्रत्येक लॉगिनला वेगाची मर्यादा आधीच लावलेली होती, म्हणून प्रिंटर आणि क्रोमकास्टने इतरांचं काही जाणार नव्हतं. त्यांनी होकार दिला, एका अटीवर: शेजारच्या खोलीला तो पासवर्ड द्यायचा नाही. काही कॉलेज हॉस्टेलांच्या नियमांत स्वतःचा राउटर लावायला स्पष्ट मनाई असते. तिथे हा विषय तिथेच संपतो.

घेताना एकच गोष्ट नीट बघायची, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची फसगत होते. वाय-फाय घेऊन वाय-फाय देणारी यंत्रं दोन प्रकारची असतात. एक नुसतं सिग्नल पुढे ढकलतं. त्याच्यामागच्या वस्तूंना पत्ता पीजीच्या यंत्राकडूनच मिळतो, म्हणून प्रत्येकीला वेगळं लॉगिन लागतं आणि आपलं काम होत नाही. दुसरं वर सांगितल्यासारखं 'द्वारा' चालतं. नावं मात्र गोंधळात टाकतात. टीपी-लिंकच्या छोट्या राउटरांत Range Extender म्हणजे पहिला प्रकार, आणि आपल्याला हवा तो Hotspot Router किंवा WISP या नावाने असतो. जीएल-आयनेटच्या राउटरांत मात्र Repeater नावाचा पर्यायच दुसऱ्या प्रकारचं काम करतो. दुकानात बाजारभाषेत सगळ्यालाच रिपीटर म्हणतात, तेव्हा डबीवरचं नाव नव्हे, तर WISP हा शब्द माहितीत आहे की नाही ते विचारावं.

जोडल्यावर खात्री करणं सोपं आहे. फोन नव्या वाय-फायला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये स्वतःचा आयपी अ‍ॅड्रेस बघायचा. तो राउटरच्या घरातला असेल, उदाहरणार्थ 192.168.8 ने सुरू होत असेल, तर काम बरोबर झालंय. पीजीच्या वाय-फायवर जसा असतो तशाच आकड्यांनी सुरू होत असेल, तर यंत्र नुसतं सिग्नल ढकलतंय.

आम्ही जीएल-आयनेटचा दोन्ही पट्ट्यांवर, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवर चालणारा राउटर घेतला. एकाच पट्टीचे राउटर स्वस्त असतात आणि प्रिंटरला पुरतात. पण त्यांत एकच रेडिओ पीजीकडून घ्यायचं आणि खोलीत द्यायचं अशी दोन्ही कामं आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. दोन पट्ट्या असल्या की एकीवर घ्यावं आणि दुसरीवर द्यावं.

खोलीत पहिल्या दिवशी काय केलं ते क्रमाने सांगतो. राउटरला फोनचा चार्जर जोडला, लॅपटॉपच्या यूएसबीला नाही, कारण लॅपटॉप झोपला की काही लॅपटॉप तिथली वीजही तोडतात. दोनेक मिनिटांनी त्याचं स्वतःचं वाय-फाय दिसू लागलं, त्याचा सुरुवातीचा पासवर्ड डबीच्या तळाला छापलेला होता. लॅपटॉप त्याला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला:

```
http://192.168.8.1
```

टीपी-लिंकवर हा पत्ता बहुधा 192.168.0.1 असतो. उघडलेल्या पानावर आधी व्यवस्थापनाचा नवा पासवर्ड ठेवला, मग Repeater मधून आसपासची वाय-फाय शोधली, पीजीचं नाव निवडलं आणि Join केलं. पानावर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता दिसला: 10.20.4.57, आणि त्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, 10.20.0.1. याचा अर्थ राउटर पीजीच्या दाराशी पोहोचला, लॉगिन मात्र अजून व्हायचं होतं.

इथे लॉगिनचं पान आपणहून यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत येत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

लॉगिनचं पान येतं ते एका छोट्या फसवणुकीने. फोन किंवा लॅपटॉप वाय-फायला लागला की ठरावीक पत्त्यावर एक साधी विनंती धाडतो. दार अजून बंद असेल, तर पीजीचं यंत्र ती मधेच अडवतं आणि उत्तरात स्वतःचं पान पाठवतं. वेगळं उत्तर आलं की फोन ओळखतो, इथे लॉगिन लागतं. ही अडवणूक फक्त कुलूप नसलेल्या, म्हणजे http ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरच नीट चालते. https च्या पानांत मधे कोणी हात घातला की ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो आणि पुढे जाऊ देत नाही. आजकाल आपण उघडतो ती जवळपास सगळी पानं https असतात, म्हणून मेल किंवा यूट्यूब उघडून लॉगिनची वाट पाहण्यात अर्थ नाही. मुद्दाम साधा पत्ता टाकावा:

```
http://neverssl.com
```

हे पान याच कामासाठी बनवलेलं आहे. तेही आमच्याकडे आलं नाही. मग कारण राउटरमध्येच निघालं. neverssl सारखं नाव टाइप केलं की राउटर आधी त्याचा आकडी पत्ता विचारतो. पीजीचं यंत्र उत्तर देतं, "तो पत्ता माझाच, 10.20.0.1." राउटरमध्ये एक सुरक्षा असते: बाहेरच्या नावाला खाजगी जाळ्यातला पत्ता मिळाला, तर हा दगा समजून उत्तर फेकून द्यायचं. एरवी ही सुरक्षा फायद्याची असते, पण लॉगिनच्या दारावर नेमकी तीच आडवी येते. जीएल-आयनेटमध्ये DNS च्या पानावर DNS Rebinding Attack Protection नावाचं बटण आहे. ते बंद केलं, पुन्हा पत्ता टाकला आणि काकूंचं लॉगिनचं पान आलं. भाचीने नाव-पासवर्ड भरला. आधी प्रिंटर जागा झाला, मग गूगल होम अ‍ॅपमधून क्रोमकास्टला नव्या वाय-फायचा पासवर्ड दिला, तेही लागलं.

त्याच जातीच्या दोन-तीन अडचणी इतरांकडे पाहिल्या आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये Private DNS ला एखाद्या कंपनीचं नाव भरून ठेवलेलं असेल, तर फोन पत्ता विचारायला पीजीच्या यंत्राला वगळून थेट बाहेर जातो. दार बंद असल्याने उत्तर मिळत नाही आणि पान येत नाही. लॉगिनपुरतं ते Automatic वर ठेवावं. राउटरवर व्हीपीएन चालू असेल तर तोही आधी बंद, लॉगिन झाल्यावर पुन्हा चालू. आणि काहीच जमलं नाही, तर राउटरच्या पानावर दिसणारा गेटवेचा आकडी पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकावा. काही ठिकाणी लॉगिनचं पान गेटवेवरच, पण वेगळ्या पोर्टवर असतं, भारतीय हॉस्टेलांत 8090 हा आकडा बऱ्याचदा दिसतो:

```
http://10.20.0.1:8090
```

तुमच्या पीजीचा नेमका पत्ता हवा असेल, तर आधीपासून लॉगिन असलेल्या एखाद्या फोनच्या ब्राउझरच्या इतिहासात तो सापडतो.

काही ठिकाणी पीजीवाले लॉगिनचं पान ठेवतच नाहीत, नेटवाला येऊन प्रत्येकाचा मॅक अ‍ॅड्रेस वहीत लिहून घेतो. तिथे राउटरचा द्यायचा, पण तळाच्या चिकटपट्टीवरचा डोळे झाकून देऊ नये. तो बऱ्याचदा एका पोर्टचा असतो आणि पीजीच्या वाय-फायला राउटर ज्या अ‍ॅड्रेसने भेटतो, तो शेवटच्या एखाद-दोन अक्षरांनी वेगळा असू शकतो. व्यवस्थापनाच्या पानावर Repeater च्या माहितीत दिसतो, तो खरा. फोनचं नाव नोंदवताना हीच काळजी वेगळ्या कारणाने घ्यावी लागते. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतो. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो असा बनवलेला पत्ता आहे.

राउटर कुठे ठेवायचा? भाचीने तो टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवला होता. साहजिक आहे, पण चूक. पीजीचा मोठा राउटर जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये, आणि टेबल खिडकीपाशी, मधे दोन भिंती. टेबलावर राउटरला पीजीचा सिग्नल उणे ७८ डीबीएम मिळत होता. या मोजमापात शून्याच्या जवळ जाणं चांगलं: उणे ५५ उत्तम, उणे ७५ च्या खाली रडकथा. दारावरच्या लोखंडी कपाटावर ठेवला तर कपाटाच्या पत्र्यानेच सिग्नल खाल्ला. दाराशेजारच्या पुस्तकांच्या फळीवर उणे ६१ आला. खोलीतल्या वस्तू राउटरपासून चार-पाच पावलांवरच असतात, त्यांना कुठूनही चालतं. त्याला बाहेरचं ऐकू येणं महत्त्वाचं, म्हणून तो दाराच्या बाजूला हवा. लॉगिनला लावलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेग मात्र कुठल्याही फळीवर मिळत नाही. तेवढाच वेग आता पाच वस्तूंत वाटला जातो. व्हिडिओ कॉल चालू असताना क्रोमकास्टवर सिनेमा लावला, की कॉल अडखळणारच.

खोलीच्या भिंतीत नेटची केबल लावायचं भोक असेल, तर वाय-फायऐवजी केबल वापरणं चांगलं, पण इथे एक इशारा मनापासून देतो. केबल राउटरच्या WAN लिहिलेल्या पोर्टलाच लावायची. LAN मध्ये लावली, तर तुमची डबी स्वतःला साऱ्या हॉस्टेलचा मुख्य राउटर समजून इतरांनाही पत्ते वाटायला लागते. ज्यांना तिचा पत्ता आधी मिळाला त्यांचं इंटरनेट बंद पडतं, आणि कोणालाही कारण कळत नाही. एका हॉस्टेलमध्ये अर्ध्या मजल्याचं नेट दोन दिवस असंच गेलं होतं. शेवटी एका मुलीच्या लॅपटॉपला मिळालेला गेटवे 192.168.0.1 आहे आणि बाकीच्यांचा 10 ने सुरू होतो, हे कोणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीतला राउटर सापडला. काही छोट्या राउटरांना एकच पोर्ट असतो आणि तो कुठल्या पद्धतीत आहे त्यावर त्याचं काम बदलतं. त्यांत केबल लावण्याआधी पद्धत तपासायची.

आणखी एक गडबड वरून बिघाडासारखी दिसते. पीजीचा राउटरही 192.168.0.1 आणि तुमचाही 192.168.0.1, असं झालं, की तुमच्या डबीला बाहेरचं आणि आतलं वेगळं करता येत नाही. जोडलं गेल्याचं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. तुमच्या राउटरचा आतला पत्ता बदलून 192.168.77.1 केला की सुटतं.

याउलट असंही होतं: लॉगिन होतं, राउटरच्या पानावर इंटरनेट हिरवं दिसतं, तरी मागच्या एकाही वस्तूला काही मिळत नाही. नेटवरून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर ओलांडताना तो एकाने कमी होतो. शून्य झाला की पाकीट टाकून देतात. काही नेटवाले शेवटच्या टप्प्यावर तो मुद्दाम १ करून पाठवतात, म्हणजे तुमच्या राउटरशी येऊन पाकीट संपतं. हे चुकून होत नाही, तो सरळ सरळ नकार आहे. त्यातून वाट काढायच्या युक्त्या आहेत, मी त्या भाचीला शिकवल्या नसत्या. त्यापेक्षा पीजीवाल्यांना विचारावं.

काकूंची ती एक अट, पासवर्ड शेजाऱ्यांना न देण्याची, मला का महत्त्वाची वाटते तेही सांगतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता आणि तपास करता करता पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याला एका अमेरिकन माणसाच्या घरी पोहोचले. ईमेल त्याच्या वाय-फायवरून गेला होता, आणि वाय-फाय नीट बंदिस्त नव्हतं. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षिततेबद्दल आणि वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. पीजीतली लॉगिनची वही या काळजीतूनही येते. राउटरमागे जे जे चालतं ते त्या वहीत भाचीच्या नावावर लिहिलं जातं. मागे कोण होतं हे वहीला कळत नाही, कारण 'द्वारा' चालण्याचा अर्थच तो. म्हणून आतल्या वाय-फायला WPA2 किंवा WPA3 आणि लांब पासवर्ड, आणि तो खोलीबाहेर नाही.

चार दिवसांनी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: "सगळं एकदम बंद." 'एकदम' या शब्दातच उत्तर होतं. एकच वस्तू बंद पडली, तर दोष त्या वस्तूचा. सगळ्या एका क्षणी पडल्या, तर राउटरची ओळ वहीतून निघाली. पीजीचं लॉगिन मध्यरात्री संपतं हे काकूंनी सांगितलं नव्हतं. तिने लॅपटॉपवर neverssl उघडलं, पासवर्ड भरला, आणि सकाळच्या सबमिशनची छपाई जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. आता झोपण्याआधी छपाई असेल, तर ती बारा वाजून पाच मिनिटांनी एकदा लॉगिन करते आणि मगच दिवा बंद करते.